पत्ता उजवीकडून वाचा : तालुक्यातील सरपंचांना खुले पत्र

प्रति,
तालुक्यातील सर्व सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत अधिकारी
आणि गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांचे अ‍ॅडमिन

विषय : लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या नावाने फिरलेली खोटी लिंक आणि ती आमच्या गावात कशी पडताळली गेली

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर एक संदेश येऊन गेला असणार. तो मी पुढे पाठवला नाही, परंतु पाठवण्याच्या अगदी बेतात होते, हे आधीच कबूल करते. ते कसे थांबले आणि त्यानंतरच्या दीड दिवसात आम्ही काय काय तपासले, ते क्रमाने सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ई-केवायसीची वाढवलेली मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत आहे, आणि मुदत जवळ आली की असे संदेश पुन्हा उगवतात.

आमचे गाव सीना नदीच्या काठावर आहे. सप्टेंबरच्या अखेरीस पुराचे पाणी घरात शिरले तेव्हा भांडीकुंडी, धान्य आणि जनावरे यांच्याबरोबर कागदपत्रे आणि फोनही गेले. त्याच महिन्यात, १८ सप्टेंबरला, शासनाने लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींना दोन महिन्यांत ई-केवायसी करण्यास सांगितले होते. त्यासाठी आधी लाभार्थीचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या आधारशी जोडलेल्या फोनवर ओटीपी घ्यायचा, आणि मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकून त्यांच्या फोनवरही ओटीपी घ्यायचा, अशी रीत होती. जिच्या घरात पती नाही आणि वडीलही नाहीत, तिची गाडी दुसऱ्या पायरीवर अडत होती. ज्यांचे सर्व काही सुरळीत होते त्यांनाही ओटीपी येता येत नव्हता, कारण सर्वांनी एकदम धाव घेतल्यामुळे वेबसाइट वारंवार लटकत होती. दिवाळीनंतर बायका पहाटे चार वाजता उठून फोन घेऊन बसत होत्या, कारण त्या वेळी गर्दी कमी असते असे कोणीतरी सांगितले होते.

अशा वेळी एका बुधवारी संध्याकाळी गावातल्या महिलांच्या गटावर संदेश आला. त्याचा मथळा होता, ‘विधवा व निराधार बहिणींसाठी मोठी बातमी’. पती किंवा वडिलांच्या आधारची अट काढली असून खालील लिंकवर दोन मिनिटांत ई-केवायसी होईल, मुदत रविवारपर्यंतच आहे, हा संदेश दहा गटांना पाठवून आपल्या बहिणींना मदत करा, असा मजकूर होता. सोबत राजमुद्रा असलेली दोन पानांची पीडीएफ होती आणि वर दोन बाणांची ती खूण होती, जी व्हॉट्सअ‍ॅप बऱ्याच हातांतून आलेल्या संदेशावर आपोआप लावते. त्या दोन बाणांचा अर्थ इतकाच, की पाठवणाऱ्याने हा मजकूर स्वतः लिहिलेला नाही आणि बहुधा तो कोणी लिहिला हे त्यालाही ठाऊक नाही. माझ्याकडे तो पाठवणाऱ्या आमच्या सीआरपी ताई अत्यंत विश्वासू आहेत. परंतु त्यांचा विश्वासूपणा त्या संदेशाला चिकटत नाही, ही गोष्ट त्या घाईत माझ्याही ध्यानात आली नाही.

मी पाठवायला बोट ठेवले होते, ते अडखळले एका साध्या कारणाने. गटात ज्यांचे स्मार्टफोन पुरात गेले होते त्यांच्यासाठी तो पत्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, असे मनात आले. म्हणून करपावतीच्या जुन्या पुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर मी तो हाताने उतरवू लागले. फोनवर निळ्या अक्षरांत एका दमात वाचलेला पत्ता आणि पेनने एकेक अक्षर लिहिलेला पत्ता यांत फार अंतर असते. ladakibahin हा शब्द लिहून झाला आणि पुढे टिंब द्यायचे म्हणून पाहिले, तर तेथे टिंब नव्हते, आडवी रेघ होती. मग maharashtra, पुन्हा आडवी रेघ, मग gov, पुन्हा आडवी रेघ, मग in, आणि त्यानंतर कोठे पहिले टिंब आले, तर त्याच्यापुढे `.online`. तो पूर्ण पत्ता मी येथे मुद्दामच छापत नाही, कारण छापला की कोणीतरी तो उघडून पाहीलच.

हा पत्ता कसा वाचायचा ते मी बचत गटाच्या बैठकीत पोस्टाच्या पत्त्यावरून समजावून सांगितले आणि तसेच आपणासही सांगते. पाकिटावर आपण आधी नाव लिहितो, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. पत्र कोठल्या मुलखात जाणार हे शेवटची ओळ ठरवते. वेबसाइटचा पत्ताही असाच असतो. सुरुवातीचे https:// सोडून त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून डावीकडे, टिंबाटिंबाला थांबत वाचायचा. योजनेचा खरा पत्ता असा आहे :

```
ladakibahin.maharashtra.gov.in
```

उजवीकडून पाहिले तर शेवटी in, त्याआधी gov, त्याआधी maharashtra आणि सर्वांत शेवटी, म्हणजे डावीकडे, योजनेचे नाव. यातला `gov.in` हा जिल्हा बाजारात विकत मिळत नाही. तो केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत सरकारी कार्यालयांनाच, अधिकृत पत्र घेऊन दिला जातो. याउलट `.online` किंवा नुसते `.in` घेऊन संपणारे नाव कोणीही काहीशे रुपयांत विकत घेऊ शकतो आणि त्याच्या डावीकडे हवे ते लिहू शकतो. उद्या मी माझ्या गोठ्याला ‘मंत्रालय’ असे नाव दिले तर मला कोणी अडवणार नाही, परंतु तेवढ्याने गोठ्याचा तालुका आणि जिल्हा बदलत नाही. आडवी रेघ ही टिंबासारखी दिसली तरी ती नावाचाच भाग असते. त्यामुळे रेघांनी जोडलेले ते चार शब्द मिळून एकच लांबलचक नाव होते, आणि त्याचा जिल्हा होता `.online`.

येथवर मला पुरेशी शंका आली होती, पण खात्री नव्हती. शंका आणि खात्री यांतले अंतर सरपंचाला भरून काढावे लागते, कारण ‘हे खोटे आहे’ असे मी गावात सांगितले आणि ते खरे निघाले, तर रविवारपर्यंतची मुदत चुकलेल्या बाईला मी काय उत्तर देणार होते?

रात्री आठ वाजता ग्रामपंचायतीतले आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलाला बोलावून घेतले. तो मला वहिनी म्हणतो. त्याने पहिल्यांदा खरा पत्ता स्वतः टाइप करून उघडला. गुगलवर योजनेचे नाव शोधून वर येईल ते पहिले पान त्याने उघडले नाही, कारण शोधात जाहिरात देऊन किंवा अन्य युक्तीने खोटी पानेही वर आणता येतात. तिसऱ्या खेपेला खरी वेबसाइट उघडली. तिच्यावर अट काढल्याची कोणतीही सूचना नव्हती आणि ई-केवायसीच्या पानावर पती किंवा वडिलांच्या आधारचा रकाना जसाच्या तसा होता.

मग आम्ही पीडीएफ पाहिली. ती पाहताच कोणालाही खरी वाटावी अशी होती. विभागाचे नाव, मंत्रालयाचा पत्ता, ‘शासन निर्णय’ हा मथळा, शेवटी अवर सचिवांच्या सहीची जागा, सर्व काही होते. ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना फोन केला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “संकेतांक काय आहे?” शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात, तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केल्याचे सांगून, एक लांब आकडा दिलेला असतो. अठरा अंकांच्या या संकेतांकाचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस असतात. त्या पीडीएफच्या डोक्यावर ३ नोव्हेंबर २०२५ अशी तारीख होती आणि खालचा संकेतांक सुरू होत होता `20240628` या अंकांनी. म्हणजे २८ जून २०२४, ज्या दिवशी या योजनेचा मूळ शासन निर्णय निघाला होता. कोणीतरी त्या मूळ निर्णयाची पाने घेऊन मजकूर बदलला होता आणि शेवटच्या परिच्छेदाकडे दुर्लक्ष केले होते. आपणही बहुधा तेच करतो, हे त्याने नेमके हेरले असावे.

त्यानंतर `gr.maharashtra.gov.in` येथे महिला व बाल विकास विभाग निवडून नोव्हेंबरमधले निर्णय पाहिले. असा निर्णय तेथे नव्हता. मात्र येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. निर्णय कधीकधी निघाल्यानंतर उशिरा चढवले जातात, आणि साध्या सूचना किंवा पत्रे तर तेथे येतीलच असे नाही. म्हणून ‘संकेतस्थळावर नाही, सबब खोटे’ असा निष्कर्ष एकट्या त्या शोधावरून काढता येत नाही. तारीख आणि संकेतांक यांचे न जुळणे हा मात्र पक्का पुरावा होता.

खोटी वेबसाइट उघडून पाहावी की नाही, यावर आमचा थोडा वाद झाला. अखेर ग्रामपंचायतीच्या संगणकावर, जेथे कोणाचा बँकेचा व्यवहार होत नाही, तेथे त्याने ती उघडली. आपल्या फोनवर हा प्रयोग करू नये, कारण अशा काही पानांवरून अ‍ॅपची फाइल उतरते आणि ती एकदा बसली की फोनवर येणारे ओटीपी परस्पर वाचले जातात. पान उघडले ते पाहून मी चकित झाले. खऱ्या पानासारखेच रंग, तीच छायाचित्रे, तीच राजमुद्रा. उलट ते खऱ्यापेक्षा झटपट उघडले. मुलगा म्हणाला, “वहिनी, पत्त्याच्या आधी https पण आहे की.” ते होते. परंतु https चा अर्थ एवढाच, की आपण पाठवलेली माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पाकीट नीट चिकटवलेले आहे हे त्यावरून कळते, ते कोणाच्या हाती पडणार हे कळत नाही. चोराच्या पत्त्यावर पाठवलेले पाकीटही चिकटवलेले असू शकते.

खोटेपणा उघडा पडला तो दुसऱ्याच ठिकाणी. वरच्या पट्टीवरील ‘योजनेविषयी’, ‘शासन निर्णय’, ‘संपर्क’ अशी कोणतीही कळ दाबली तरी तोच एक अर्ज पुन्हा पुढे येत होता. आधारच्या रकान्यात मुलाने बारा वेळा एक हा अंक टाकला. कोणताही आधार क्रमांक शून्याने किंवा एकाने सुरू होत नाही, त्यामुळे असा आधार क्रमांक देशात कोणाचाच नाही. तरीही पानाने आनंदाने सांगितले, ‘आपल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे’. मग त्याने मनाला येईल तो सहा अंकी आकडा टाकला, तोही चालला. पुढच्या पानावर बँक खात्याचा क्रमांक मागितला आणि त्याच्यापुढे, ‘खाते पडताळणीसाठी’ म्हणून, एटीएम कार्डावरचे सोळा अंक, मुदत आणि मागच्या बाजूचे तीन अंक.

येथे क्षणभर थांबून विचार केला तर उत्तर आपल्याच योजनेच्या रचनेत सापडते. या योजनेचे दीड हजार रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. पैसे कोणत्या खात्यात पाठवायचे हे शासनाला आधारवरूनच कळते. मग ई-केवायसीत खाते क्रमांक विचारण्याचे कारणच उरत नाही, आणि कार्डाचे अंक तर पैसे काढण्यासाठी लागतात, जमा करण्यासाठी नव्हे. पत्ता वाचता न येणाऱ्या बाईलाही ही एक गोष्ट सांगून ठेवता येते, आणि माझ्या अनुभवाने ती पत्त्यापेक्षा लवकर ध्यानात राहते.

ते नाव कधी घेतले गेले तेही मुलाने `lookup.icann.org` येथे पाहिले. तेथे बऱ्याच वेबसाइटच्या नावांची नोंदणी कोणत्या तारखेला झाली ते दिसते. घेणाऱ्याचे नाव झाकलेले होते, पण तारीख अकरा दिवसांपूर्वीची होती. २०२४ सालापासून चालू असलेल्या योजनेची वेबसाइट अकरा दिवसांची कशी असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडी सेविकेने पर्यवेक्षिकांना आणि त्यांनी बाल विकास प्रकल्प कार्यालयाला विचारले. अशी कोणतीही सूचना आलेली नाही आणि ही लिंक आमची नाही, असे उत्तर दुपारी बारापर्यंत आले. या साखळीतून उत्तर यायला अर्धा दिवस लागतो, ही तक्रार नाही. परंतु तोवर संदेश किती गावे ओलांडतो याचा विचार व्हावा.

आमच्याच गावात तो अर्धा दिवस एका घरी महाग पडला असता. खालच्या आळीतल्या एका आत्याबाईंनी, ज्यांचे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले, पुतण्याच्या फोनवरून बुधवारी रात्रीच तो अर्ज भरायला घेतला होता. आधार क्रमांक दिला, पासबुकवरून खाते क्रमांक दिला, आणि पुढे कार्डाचे अंक मागितल्यावर थांबल्या, कारण एटीएम कार्ड पुरात वाहून गेले होते. “सूनबाई, त्या पाण्यानं एवढी एकच गोष्ट माझ्या भल्याची केली,” असे त्या नंतर म्हणाल्या. आम्ही त्यांच्या बँकेत जाऊन ते हरवलेले कार्ड बंद करून घेतले, जे खरे तर सप्टेंबरातच करायला हवे होते. पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० वर करायचा असतो, आणि तो जितका लवकर होईल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नव्हते, तरी तो पत्ता आणि संदेश यांची तक्रार `cybercrime.gov.in` येथे नोंदवली.

त्यांचा आधार क्रमांक मात्र परक्या हाती गेला होता आणि तो काही बदलून मिळत नाही. म्हणून `myaadhaar.uidai.gov.in` येथे त्यांच्या बोटांचे ठसे लॉक केले, म्हणजे त्यांच्या अंगठ्याच्या नावाने कोणी व्यवहार करू शकणार नाही. यात एक अडचण आहे, जी मला महिनाअखेर रेशन दुकानदाराने सांगितली. ठसे लॉक असले की रेशनच्या मशिनवरही अंगठा उमटत नाही. धान्य घ्यायला जाण्याआधी ते तात्पुरते उघडावे लागतात. लॉक करून द्याल तेव्हा हे सांगायला विसरू नका, नाहीतर ती बाई रिकामी पिशवी घेऊन तुमच्याच दारात येईल.

आता या प्रकरणातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगते. नोव्हेंबरच्या मध्यावर शासनाने मुदत वाढवली, आणि ज्या बहिणींचे पती किंवा वडील हयात नाहीत किंवा ज्या घटस्फोटित आहेत त्यांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यू प्रमाणपत्राची किंवा घटस्फोटाच्या कागदाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी, अशी सोय खरोखरच केली. म्हणजे त्या संदेशातली बातमी पुढे बऱ्याच अंशी खरी ठरली! गटातल्या एकीने मला तसे सुनावलेही, की तुम्ही उगाच खोटे ठरवले. परंतु बातमी खरी आहे का, हा एक प्रश्न आहे, आणि दिलेले दार सरकारचे आहे का, हा अगदी वेगळा. फसवणारे खोटी बातमी क्वचितच बनवतात. लोक ज्याची वाट पाहत आहेत, जे उद्यापरवा होणारच असे दिसते आहे, तेच ते उचलतात आणि शेवटी आपले दार जोडून देतात. म्हणून ‘वर्तमानपत्रातही आले होते’ हे लिंक खरी असल्याचे प्रमाण होऊ शकत नाही. बातमी आणि दार यांची तपासणी दोन वेळा, वेगवेगळी करावी लागते.

पत्ता उजवीकडून वाचण्याच्या कसोटीलाही मर्यादा आहे, हे सांगितले नाही तर माझ्यामुळे दुसरा गोंधळ होईल. `gov.in` वर न संपणारी प्रत्येक वेबसाइट खोटी नसते. महावितरणची वेबसाइट `mahadiscom.in` अशी आहे आणि ती खरी आहे. अशा वेळी आलेल्या लिंकवरून जाऊ नये. बिलावर छापलेला पत्ता पाहून किंवा शासनाच्या मुख्य संकेतस्थळावरून वाट काढत तेथे पोहोचावे. योजना केंद्र सरकारची असेल, तर पीआयबी फॅक्ट चेकच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर संदेश पाठवून विचारता येते. परंतु ते पथक केंद्राच्या बाबींपुरतेच आहे. लाडकी बहीणसारख्या राज्याच्या योजनेसाठी १८१ ही मदतवाहिनी आणि आपली अंगणवाडी सेविका हाच सरळ मार्ग आहे.

गुरुवारी दुपारी मी सर्व गटांवर खुलासा टाकला. त्यात खोटी लिंक पुन्हा दिली नाही, कारण खुलाशातली लिंकही बोटाखाली येते. गटाच्या अ‍ॅडमिनना मूळ संदेश सर्वांसाठी काढून टाकायला सांगितले. ज्या ताईंनी तो पाठवला होता त्यांचे नाव कोठेही घेतले नाही. नाव घेतले असते तर पुढच्या वेळी त्यांनी शंकेचा संदेश मला दाखवलाच नसता. घंटागाडीच्या भोंग्यावरून दोन दिवस सांगितले, की ई-केवायसीला पैसे लागत नाहीत आणि खाते किंवा कार्ड कोणी विचारत नाही. फळ्यावर खरा पत्ता लिहिला आणि त्यातले प्रत्येक टिंब शिपाईमामांनी लाल रंगात, शेंगदाण्याएवढे काढले. शाळेतून घरी जाणारी पोरे ते उलटे वाचत जातात.

सरपंच बंधू-भगिनींनो, माझी आपणास विनंती आहे ती आपल्या अंगठ्याविषयी. आपण एखादी गोष्ट पुढे पाठवली की गाव ती ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी आली असे धरते. ‘खरे-खोटे पाहून घ्या’ असे खाली लिहून आपण मोकळे होतो. परंतु ज्याच्याकडे पाहून घेण्याचे साधन नाही, त्याच्यासाठी पाहून घेण्याचे कामच आपल्याकडे दिलेले आहे. संदेश उपयोगाचा वाटला तर त्यातली माहिती आपल्या शब्दांत लिहावी आणि पत्ता स्वतः टाइप करून, उघडून पाहिलेला द्यावा.

आणि वरच्या कार्यालयांतून आपल्या गटांवर सूचना टाकणाऱ्या अधिकाऱ्यांना एक नम्र तक्रार. ऑक्टोबरमध्ये एका कार्यालयाकडून आम्हांला आलेली खरी सूचनासुद्धा कापलेल्या छायाचित्राच्या रूपात होती, तिच्यावर जावक क्रमांक दिसत नव्हता, आणि लिंक अशी आखूड केलेली होती की तिच्यातून जिल्हा-तालुका काही वाचता येत नव्हता. खरी सूचना खोट्यासारखी दिसू लागली, की गावाने फरक कशावरून करावा? आखूड लिंक देऊ नये, पूर्ण पत्ता द्यावा, आणि शासन निर्णय असेल तर त्याचा संकेतांक संदेशातच लिहावा. एवढे केले तर पडताळायला दीड दिवस लागणार नाही, दहा मिनिटे लागतील.

शेवटी ३१ डिसेंबरपूर्वीच्या कामाविषयी. पुरात भिजलेली किंवा हरवलेली मृत्यू प्रमाणपत्रे ही आता ई-केवायसीतली खरी अडचण आहे. मृत्यू गावात झाला असेल तर नोंद आपल्याच ग्रामपंचायतीत असते आणि प्रत आपणच देऊ शकतो. मृत्यू शहरातल्या रुग्णालयात झाला असेल तर प्रत त्या शहरातून आणावी लागते आणि त्यात आठवडा जातो, म्हणून अशा बहिणींची यादी आजच काढावी. आत्याबाईंच्या यजमानांची नोंद आमच्याकडेच होती. भाऊसाहेबांनी जुन्या रजिस्टरात ती शोधली आणि सेवा केंद्रातल्या मुलाने जन्म-मृत्यू नोंदणीचे पान उघडले. त्या पानाचा पत्ता `dc.crsorgi.gov.in` असा आहे आणि या नावाची नक्कल करणाऱ्याही खोट्या वेबसाइट निघालेल्या आहेत. आत्याबाई शेजारच्या खुर्चीवर बसून होत्या. त्यांना इंग्रजी अक्षरे येत नाहीत, पण मुलाने पासवर्ड टाकायच्या आधी त्यांनी त्याला हटकले, “अरे, आधी मागून वाच की.” त्याने पडद्यावर बोट ठेवून एकेक टिंबाला थांबत पत्ता वाचून दाखवला, मग प्रमाणपत्र काढले, आणि त्याची प्रत त्याच दुपारी अंगणवाडीत जमा झाली.

आपली,
सीनाकाठच्या एका ग्रामपंचायतीची सरपंच
डिसेंबर २०२५